म्हातारपणी शुगर: ‘सात’चा हट्ट का सोडायचा आणि खाली गेलेल्या शुगरला जास्त का भ्यायचं

खानदेशातल्या माझ्या ओपीडीत हे प्रश्न रोज येतात. बहुतेक वेळा विचारतो तो मुलगा किंवा सून. पेशंट शेजारच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून गप्प बसलेला असतो. उत्तरं सत्तरी ओलांडलेल्या, टाइप २ मधुमेहाच्या माणसांसाठी आहेत. चाळिशीतल्या मुलाने ती स्वतःला लावून घेऊ नयेत.

वडिलांचं वय ७८. तीन महिन्यांची शुगर ६.३ आली. आम्ही खूश होतो, तर डॉक्टर म्हणाले, गोळी कमी करू. हे उलटंच झालं ना?

उलटं नाही. मी तर आधी विचारतो, ६.३ आली कशाने? नुसत्या पथ्याने किंवा एकट्या मेटफॉर्मिनवर आली असेल तर उत्तम, घाबरायचं काही नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी शुगर ढकलून खाली नेणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि वय ७८ असेल, तर मला त्या आकड्याची काळजी वाटते.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ही सरासरी असते. ६ म्हणजे सरासरी साधारण १२६ आणि ७ म्हणजे १५४. जेवणानंतर १९० आणि पहाटे ५०, अशी वरखाली होणारी शुगरसुद्धा सरासरीत छान दिसते. धरणाची वार्षिक सरासरी पाहून मे महिन्यात विहिरीला पाणी आहे की नाही हे कळत नाही, तसंच हे. पहाटेचे ते ५० रिपोर्टवर कुठेच छापून येत नाहीत.

मग या वयात किती असावी?

वयापेक्षा माणूस बघायचा. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने ज्येष्ठांसाठी तीन गट मानलेत आणि ते आपल्याकडेही उपयोगी पडतात.

पंच्याहत्तरीतही सायकलवर शेतात जाणारा, स्वतःचे हिशेब स्वतः ठेवणारा, दुसरे मोठे आजार नसलेला माणूस असेल, तर ७ ते ७.५ च्या आत ठेवायला हरकत नाही. हृदय, मूत्रपिंड, लकवा असे दोनतीन आजार जोडीला असतील, विसरायला होत असेल, गोळ्या दुसऱ्याला द्याव्या लागत असतील, तर ८ च्या आत असली तरी पुरे. अशा माणसाची उपाशीपोटीची शुगर ९० ते १५० आणि झोपतानाची १०० ते १८० चालते. आणि जो अंथरुणाला खिळलाय, पक्कं विसरलाय किंवा मोठ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात आहे, त्याच्या बाबतीत एचबीएवनसीच्या मागे लागूच नये. शुगर खाली जाऊ द्यायची नाही आणि इतकीही वर नको की तहान-लघवीने हाल होतील, एवढंच बघायचं.

दहा वर्षांपूर्वी हेच डॉक्टर ‘सातच्या आत, सातच्या आत’ म्हणून रागवायचे. आता काय बदललं?

शास्त्र थोडं बदललं आणि वडील दहा वर्षांनी म्हातारे झाले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

शुगर काटेकोर ठेवण्याचा फायदा मुख्यतः डोळ्यांच्या पडद्याला आणि मूत्रपिंडाला होतो, आणि तो हळूहळू होतो. इंग्लंडमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. त्यात काटेकोर गटाची एचबीएवनसी ७.० होती, दुसऱ्या गटाची ७.९. काटेकोर गटात बारीक रक्तवाहिन्यांचा बिघाड सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला, पण हे दिसायला दहाएक वर्षं लागली. शिवाय त्यात घेतलेले लोक भरती होताना २५ ते ६५ वयाचे आणि नुकताच मधुमेह निघालेले होते. त्यात ७८ वर्षांचे आबा नव्हतेच.

दुसरा धडा २००८ चा. ॲकॉर्ड या अभ्यासात जुना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका असलेले दहा हजारांवर लोक होते. अर्ध्यांची एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न केला. अपेक्षा होती की हार्ट ॲटॅकचे मृत्यू घटतील. झालं असं की काटेकोर गटात २५७ माणसं दगावली आणि सैल गटात २०३, म्हणून तो काटेकोर उपचार मध्येच थांबवावा लागला. दुसऱ्याची मदत घ्यावी लागावी इतकी शुगर खाली जाण्याचे प्रसंगही काटेकोर गटात कितीतरी जास्त घडले. मृत्यू नेमके त्यामुळेच वाढले असं ठामपणे सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. पण ‘जितकी कमी तितकी बरी’ हा समज तिथून मोडला.

म्हणजे व्यवहार असा आहे: फायदा मिळायचा तो दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि किंमत मात्र आज रात्री रोखीने. पंचेचाळिशीत हा सौदा परवडतो. अठ्ठ्याहत्तरीत बहुतेकदा नाही.

शुगर कमी झाली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात. ते कळेलच की!

तरुणाला कळतं. म्हाताऱ्याला कळेलच असं नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

शुगर ७० च्या खाली जायला लागली की शरीर आधी भोंगा वाजवतं: घाम, धडधड, थरथर, कडकडून भूक. ५० च्या आसपास मेंदूलाच साखर कमी पडते आणि माणूस गोंधळतो. तरुणाला या दोन्हींच्या मध्ये हातपाय हलवायला वेळ मिळतो. वय वाढलं की भोंगा उशिरा आणि हळू वाजतो. मेंदू गोंधळायची वेळ आणि भोंगा वाजायची वेळ जवळजवळ एकच होते. स्वतः उठून साखर खायला हवी हे ज्या डोक्याला समजायचं, तेच तोवर बंद पडलेलं असतं. त्यात बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी असेल तर धडधड आणि थरथर आणखी झाकली जाते. घाम तेवढा येतो.

म्हणून घरच्यांनी घामाची वाट बघू नये. एरवी शांत असणारा माणूस चिडचिड करतो, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतो, जीभ जड येते, चालताना भिंत धरतो, दुपारी उठवूनही उठत नाही, रात्री दाराची कडी काढून बाहेर निघतो. ही सगळी खाली गेलेल्या शुगरची लक्षणं असू शकतात. घरात त्याला ‘वयामुळे’ म्हणतात.

चोपडा तालुक्यातल्या एका आबांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय ७८. नऊ वर्षांपासून ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० यांची एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ. मे महिना, ऊन ४४ अंशांवर. दोन दिवस जुलाब लागले होते. आदल्या रात्री कळण्याच्या भाकरीचा चतकोर तुकडा ताकात कुस्करून खाल्ला आणि गोळी मात्र नेमाने घेतली, कारण ‘गोळी चुकवायची नाही’ हे आम्हीच नऊ वर्षं बजावलं होतं. पहाटे चारला सुनेला बडबड ऐकू आली. आबा अंगणातल्या खाटेवर बसून न जुंपलेल्या बैलांना हाकत होते. उजवा हात लुळा पडला होता, तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. बंडी ओलीचिंब होती, पण त्या उकाड्यात सगळ्यांच्याच बंड्या ओल्या होत्या.

घरच्यांनी लकवा धरला आणि गाडी काढायला पळाले. त्यांची चूक नाही. शुगर खूप खाली गेली की एका बाजूचा हात-पाय खरोखर लुळा पडू शकतो. घरातलं ग्लुकोमीटर कपाटात होतं, पण पट्ट्यांची मुदत संपलेली. शेजारच्या काकूंचं मशीन आणलं. आकडा आला ३८.

मग बरे झाले का ते?

गिळता येत होतं म्हणून सुनेने साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. वीस मिनिटांत ८४. हात उचलला, सगळ्यांकडे बघून म्हणाले, “माले काय व्हयनं नही.” घरच्यांनी देवापुढे दिवा लावला, आबांना चहा दिला, गाडी परत लावली.

सकाळी दहाला पुन्हा ४६.

हा दुसरा ४६ मला सगळ्यांच्या लक्षात राहायला हवा आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या रक्तात साखर किती आहे हे न बघता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेत राहतात. साखरपाण्याने आलेला उठाव तास-दोन तासांत संपतो, गोळीचा अंमल मात्र २४ तास, आणि मूत्रपिंड मंद असेल तर त्याहूनही जास्त टिकतो. म्हणून या गोळ्यांवरच्या म्हाताऱ्या माणसाची शुगर एकदा खाली गेली, तर तो उठून बसला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. आबांना दीड दिवस ग्लुकोजच्या बाटलीवर ठेवून दर दोन तासांनी शुगर बघावी लागली.

नऊ वर्षं तीच गोळी, तोच डोस. तेव्हा काही झालं नाही, मग आताच का?

गोळी तीच राहिली, आबा मात्र बदलले. या नऊ वर्षांत त्यांचं वजन ५६ वरून ४८ किलोवर आलं, दाढा गेल्या, जेवण निम्म्यावर आलं. आणि मूत्रपिंड म्हातारं झालं, जे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण जुलाबांच्या आधीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ होतं आणि ते ‘जवळपास नॉर्मल’ वाटतं.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. वाळलेल्या माणसाच्या अंगावर स्नायूच कमी, म्हणून तो आकडा फसवतो. औषधाचा डोस ठरवायला एक जुना हिशेब आहे, वहीवर करता येतो: १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. आबांचं बघा. १४० वजा ७८ म्हणजे ६२. ६२ गुणिले ४८ म्हणजे २९७६. खाली ७२ गुणिले १.३ म्हणजे ९३.६. उत्तर सुमारे ३२. तरुण निरोगी माणसाचं शंभराच्या आसपास असतं. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद एक तृतीयांश उरली होती, तीही जुलाब लागण्याआधी. जुलाबाने पाणी आटल्यावर त्याहूनही कमी झाली असणार. ग्लिमेपिराइड यकृतात मोडते, पण मोडून जे निघतं त्यातही शुगर उतरवण्याचा गुण असतो आणि ते लघवीवाटे बाहेर जावं लागतं. नाही गेलं की साचतं.

हा हिशेब ढोबळ आहे, त्यावरून घरी डोस ठरवू नका. पण आलेला आकडा कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवायला काहीच हरकत नाही. मला कुणी ठेवला तर मला राग येत नाही.

कोणत्या गोळ्या शुगर धोक्याइतकी खाली नेतात? पाकिटावरून कसं ओळखायचं?

कंपनीचं मोठं नाव सोडून द्या, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. ‘ग्लि’ने सुरू होऊन ‘आइड’ने संपणारं नाव दिसलं की सावध: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड. यातली ग्लिबेनक्लामाइड सगळ्यात लांब आणि हट्टी. सत्तरीपुढच्या माणसाला ती चालू असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. ग्लिक्लाझाइड आणि ग्लिपिझाइड त्यातल्या त्यात बऱ्या. आणि अर्थातच इन्सुलिन.

मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या एकट्याने घेतल्या तर शुगर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाहीत. अडचण अशी की आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत कोंबलेली असतात. घरचे सांगतात ‘एकच गोळी चालू आहे’, आणि त्या एकीत तिघी बसलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट मेडिकलवाल्याला सांगावी. लघवीच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल सुरू झालं, तर ‘ग्लि’वाल्या गोळीच्या जोडीने शुगर अचानक उतरू शकते. अशा दिवसांत रोज मोजा.

शुगर खाली गेली तर नेमकं काय द्यायचं? आमच्याकडे पेढा देतात.

पेढा नको, बिस्किट नको, चॉकलेट नको. तूप-दुधाबरोबर साखर पोटातून सावकाश पुढे सरकते. आपल्याकडे प्रत्येक घरात केळीची फणी लटकलेली असते, त्यामुळे हात तिकडे जातो. पण गोंधळलेल्या माणसाला केळं चावायला लावणं म्हणजे ठसका लागायची भीती, आणि तेही सावकाशच चढतं.

चहाचे तीन ते चार सपाट चमचे ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात विरघळवून बसवून पाजा. हे साधारण १५ ग्रॅम होतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर आली नसेल तर तेवढंच पुन्हा द्या. वर आली की मग भाकरी-दूध, वरण-भात असं काहीतरी पोटभरीचं द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरेल.

साखर का नको, ग्लुकोजच का? साखर चालते, आबांना साखरेनेच उठवलं. पण गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर पटकन चढत नाही. त्या औषधाचं कामच साखर आणि पिठूळ पदार्थ आतड्यात फुटू न देणं हे आहे. साखर फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, ग्लुकोजला फुटावं लागत नाही. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज अशी तिहेरी गोळी आपल्याकडे भरपूर चालते, म्हणून मी प्रत्येकालाच ग्लुकोजचा डबा घ्यायला सांगतो. डबा नसेल तर मध चालेल.

मशीन नसेल, पट्ट्या संपल्या असतील, तरी थांबू नका. माणूस गिळू शकतोय ना? मग पाजा. शुगर वाढलेली असली तर अर्ध्या पेल्याने फार बिघडत नाही. खाली गेलेली असली आणि आपण वाट बघत बसलो, तर बिघडतं.

आणि बेशुद्ध असेल तर?

तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या दवाखान्यात न्या. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात आणि माणूस बहुधा काही मिनिटांत डोळे उघडतो. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य ‘शुगरचा पेशंट आहे’ हे असू द्या आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. लकव्यासारखं वाटत असलं तरी हेच. बोट टोचायला दहा सेकंद लागतात, स्कॅनला वेळ लागतो.

आजारपणात, एकादशीला किंवा गडावर पायी जाताना गोळी घ्यायची की नाही?

माझं सोपं सांगणं: आधी ताट, मग गोळी. ज्यांच्या जेवणाचा भरवसा राहिलेला नाही, त्यांनी ‘ग्लि’वाली गोळी ताटावर बसून दोन घास पोटात गेल्यावर घ्यावी. जेवण गेलंच नाही तर ती गोळी त्या वेळेपुरती घेऊ नये आणि डॉक्टरांना फोन करावा. उलट्या-जुलाब चालू असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनही तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. किती कमी करायचं ते आधीच, बरं असतानाच, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांचं वेळापत्रक माणसाला महिनाभर आधी माहीत असतं. तरी पेशंट उपास सोडल्यावर येतात, धरण्याआधी कुणी येत नाही. रमजानचंही तेच. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे मला सत्तरीतलेही भेटलेत. चालताना तर शुगर उतरू शकतेच, पण स्नायू नंतरही साखर ओढत राहतात, म्हणून त्याच रात्री झोपेतही ती खाली जाऊ शकते. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी झोपण्याआधी मोजा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन झोपा.

सातपुड्याच्या बाजूला मोहाची दारू पिणारे आजोबा असतात. दारू यकृताला साखर सोडू देत नाही. न जेवता घेतलेली दारू आणि ‘ग्लि’वाली गोळी ही जोडी फार वाईट. त्यात वास येतो म्हणून लोक ‘चढलीय, झोपू द्या’ म्हणतात आणि मशीन कुणी काढत नाही.

आई इन्सुलिनवर आहे. दिवसा ठीक, पण सकाळी डोकं जड आणि उशी ओली. काय समजायचं?

पहाटे दोन-तीनच्या सुमाराला शुगर उतरते का ते बघा. दोन-तीन रात्री गजर लावून तीनला बोट टोचा. कटकट आहे, मान्य, पण दुसऱ्या मार्गाने हे सहज कळत नाही. मिक्स इन्सुलिनचा संध्याकाळचा डोस दिला आणि आईने रात्री भाकरी अर्धी सोडली, तर हे हमखास होतं. उपाय बहुधा संध्याकाळचा डोस कमी करण्यात किंवा लांब अंमलाचं इन्सुलिन रात्रीऐवजी सकाळी देण्यात असतो. आकड्यांची वही दाखवली की डॉक्टर ते करतील.

इन्सुलिन कोण टोचतं तेही बघा. मोतीबिंदू असलेली आई सिरिंजवरचे दहा आणि वीस यांच्यात फसू शकते. आणि ‘घेतलं की नाही’ आठवलं नाही तर ती पुन्हा घेते. कॅलेंडरवर टोचल्यावर लगेच फुली मारायची, एवढंही पुरतं.

रिपोर्टवर विश्वास ठेवावा की बोट टोचलेल्या आकड्यावर?

दोन्ही जुळत नसतील तर बोटावर. लोह कमी असल्याने आलेल्या पंडुरोगात एचबीएवनसी खोटी वर दिसू शकते. रक्त चढवलेलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील, तर खोटी खाली. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा या भागात सिकलसेल बरंच आढळतं. सिकलसेल आजार असेल तर एचबीएवनसीवर औषध ठरवूच नये. नुसता वाहक असला तरी काही मशीनवर आकडा चुकतो. रिपोर्ट ९ आणि घरचे आकडे १४० ते १६० अशी तफावत दिसली, तर गोळी वाढवण्याआधी हिमोग्लोबिन बघायचं.

टार्गेट सैल म्हणजे आता आबांना आखाजीला पुरणपोळी, आमरस सगळं चालेल?

थोडं चालेल, आणि मला वाटतं चालायला हवं. खापरावरची पुरणपोळी वर्षातून दोनदा होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पथ्याच्या नावाखाली जेवण तोडून वजन घटवणं हा वेगळाच अपघात असतो.

पण सैल म्हणजे सोडून दिलेलं नाही. शुगर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते, सोबत पाणी ओढते. रात्री चार वेळा उठणं, अंधारात पडणं, तोंड सुकणं, इन्फेक्शन, जखम न भरणं, हे सगळं त्यातून येतं. सतत २५०-३०० च्या वर राहिली आणि मे महिन्यात पाणी कमी पडलं, तर शुगर ६०० च्या पुढे जाऊन माणूस गुंगीत जाऊ शकतो. तीही इमर्जन्सीच. फरक एवढाच की हे व्हायला बहुधा काही दिवस लागतात आणि तहान-लघवी आधी सांगून जाते. खाली जाणारी शुगर एका रात्रीत माणसाला पाडते. पडला आणि खुबा मोडला, तर पुढचं वर्ष कसं जातं ते ज्या घराने पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही.

आबांचं पुढे काय झालं?

ग्लिमेपिराइड कायमची बंद केली. मूत्रपिंड सावरल्यावर मेटफॉर्मिन ५०० दिवसातून एकदाच ठेवली आणि जोडीला लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम, जी मूत्रपिंडावर फारशी अवलंबून नसते. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला ७.९.

मुलगा कागद घेऊन आत आला तो पडक्या चेहऱ्याने. “डॉक्टरसाहेब, ६.३ होती, ७.९ झाली. बिघडलं ना?” मी सुनेला विचारलं, रात्री उठून बडबड? नाही. दुपारची गुंगी? तीही नाही. उलट गेल्या उन्हाळ्यापासून आबा नातवाचं नाव चुकत होते, ते आता चुकत नाहीत, असं तिनेच सांगितलं. वजन दीड किलो वाढलं होतं. आबा खुर्चीवरून मुलाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, सकाळी शेतात जाऊन यायला हरकत नाही ना. मी म्हटलं, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि जा.